पान्यावरचा पाइप

जामलेल्या नटाबद्दल माझं एक ठाम मत होतं आणि ते मी वर्षानुवर्षं नवीन पोरांना सांगत आलो. नट हलत नसेल तर पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवायचा, पाय रोवायचे आणि अंग टाकायचं. सुटला तर काम झालं. तुटला तरी काम झालं, कारण नवा बोल्ट बिनमध्ये पडलेलाच असतो. तेल टाकून वाट बघत बसणं हा मला वेळकाढूपणा वाटायचा.

हे मत हवेतून आलेलं नव्हतं. माझी नोकरी कारखान्याच्या देखभाल विभागात गेली. तिथं पाइपलाइनच्या फ्लँजचे बोल्ट आरपार असतात, एका बाजूला डोकं आणि दुसऱ्या बाजूला नट. असा बोल्ट तुटला तर दोन तुकडे दोन बाजूंनी बाहेर पडतात आणि भोक जसंच्या तसं राहतं. लाइन बंद असते, वरचे लोक घड्याळाकडे बघत असतात, गॅस कटर हाताशी असतो. अशा जागी बोल्ट वाचवण्यात अर्थ नाही, आणि हे मी आजही म्हणेन. पण या एका जागेवर बेतलेलं मत मी सगळ्या जागांना लावत होतो. निवृत्तीनंतर रत्नागिरीजवळ मावसभावाच्या वाडीत विहिरीवरचा मोनोब्लॉक पंप उघडायची वेळ आली, तेव्हा ते मत मी सोडलं.

त्या पंपात आरपार बोल्ट नव्हते. पुढचं बिडाचं कवच, ज्याच्या आत पंखा फिरतो, त्यात चार स्टड बसवलेले होते. स्टड म्हणजे बिनडोक्याचा दांडा. त्याचं एक टोक कवचाच्या आट्यांत कायमचं आवळलेलं असतं, दुसरं टोक मोटरकडच्या फ्लँजमधून बाहेर येतं आणि त्यावर नट बसतो. समुद्र हाकेच्या अंतरावर. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ लोखंडावर बसतं, हवेतली ओल धरून ठेवतं आणि गंज झपाट्यानं वाढतो. चारही नट आणि त्यांच्या खालचे वायसर एकजीव झाल्यासारखे दिसत होते. एकाचे कोपरेही कुणीतरी आधीच स्क्रू पान्यानं मारून ठेवलेले होते.

मी सवयीनं पाइप शोधायला लागलो. भावानं गावातल्या पंप दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलावलं होतं. त्यांनी माझ्या हातातला पाइप पाहिला आणि एवढंच विचारलं, "स्टड बिडात तुटला तर काय कराल?"

या प्रश्नाचं उत्तर मला पाठ होतं, म्हणूनच मी गप्प झालो. बिडात तुटलेला स्टड काढायचा म्हणजे आधी त्याच्या नेमक्या मध्यावर पंच मारायचा, मग लहान ड्रिल, मग मोठं ड्रिल, मग त्यात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालून फिरवायचा. तुटलेला पृष्ठभाग वाकडातिकडा असतो, ड्रिल बाजूला घसरतं आणि कवचाचे आटे खातं. एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा असतो, त्यामुळे तो ठिसूळही असतो. तो आत तुटला तर साधं ड्रिल त्याला भेदू शकत नाही. एवढ्यावरून एका नटापायी अख्खं कवच टाकून द्यायची पाळी येते.

त्या रात्री मी वहीत एक हिशेब मांडला. तो मी आधी कधीच केला नव्हता. आमच्या धंद्यात तो कुणी करत नाही, कारण जोर अंदाजानंच लावला जातो. स्टड १२ मिलिमीटरचा, साध्या मऊ पोलादाचा, म्हणजे ४.६ दर्जाचा. आट्यांच्या तळाशी त्याची जाडी १० मिलिमीटरच्या आसपास असते. असा दांडा पिळला तर साधारण ३० न्यूटन-मीटरच्या आसपास तो कायमचा वळायला लागतो आणि ६० च्या आसपास तुटतो. आवळलेला नट जामलेला नसतो तेव्हा पान्याचा बराच जोर वायसरवरच्या घर्षणात जातो. पण आट्यांत जामलेला नट जवळपास सगळा पीळ स्टडच्या दांड्यात उतरवतो.

आता हे हाताच्या भाषेत आणू. २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १२ किलोचा भार दिला की ३० न्यूटन-मीटर होतात. २४ किलोला ६०. म्हणजे पाइप न लावता, नुसत्या पान्यानंही धडधाकट माणूस हा स्टड तोडू शकतो. पाइप लावून दांडा मीटरभर केला, तर तुटायला ६ किलो पुरतात. पाणी भरलेली अर्धी बादलीसुद्धा एवढ्या वजनाची असते. आणि हा हिशेब नव्या स्टडचा आहे. पिळाला तोंड देण्याची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात कमी होते. गंजानं दांडा १० चा ९ मिलिमीटर झाला, तर चौथाईहून जास्त ताकद गेलेली असते.

पाइपनं मी नटाला हरवतो अशी माझी आजवरची समजूत होती. हिशेब सांगत होता की पाइप फक्त माझ्या हाताची जाण घालवतो. मीटरभर दांड्याच्या टोकाला ३ किलो आणि ६ किलो यांतला फरक हाताला नीट कळत नाही, आणि नेमका त्याच फरकात स्टड वळून तुटतो. जामलेला नट आणि त्याखालचा स्टड यांच्या शर्यतीत आधी कोण हरणार हे जोरानं ठरत नाही. दोघांत कोण जास्त घट्ट आहे यावर ते ठरतं. जोर दोघांवर सारखाच पडतो. म्हणून जोर लावण्याआधी आट्यांतली पकड कमी करायची, एवढाच मार्ग उरतो. तेल, ऊब आणि ठोके हे तिन्ही त्याच एका कामासाठी असतात.

ही पकड नेमकी कसली असते? लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो, ओल धरलेला गंज तर कितीतरी जास्त. नट आणि स्टडच्या आट्यांमध्ये मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढीच फट असते. ती गंजानं भरते, आणि आणखी गंज धरला की तो दोन्ही भिंतींना आतून रेटतो. म्हणजे नट कुणी जास्त आवळलेला नसतो, तो आतून ठासलेला असतो. तेल या गंजाला विरघळवत नाही. बाजारातले बहुतेक फवारे म्हणजे पातळ तेल आणि त्याहून पातळ द्रावक, आणि त्यांचं काम बारीक भेगांमधून आत ओढलं जाणं आणि तिथं वंगण ठेवणं. भेगच नसेल, गंज पक्का ठासलेला असेल किंवा वर रंगाचा थर असेल, तर अख्खा डबा ओतला तरी तेल बाहेरूनच ओघळतं. मी तेलाला वेळकाढूपणा म्हणायचो त्याचं कारण हेच. आम्ही फवारा मारायचो, पाच मिनिटं थांबायचो आणि पाइप लावायचो. भेग पाडण्याचं काम कुणी करायचंच नाही.

काकांनी सुरुवात तेलानं केलीच नाही. आधी पंपाची वीज मेन स्विचवरून बंद केली आणि विहिरीच्या तोंडावर ताडपत्री ओढली, थेंबभरही तेल पाण्यात पडू नये म्हणून. पाणी पिण्याचंही होतं. मग वायर ब्रश घेऊन नटाबाहेर आलेले स्टडचे आटे घासायला बसले. मला ते उगाच वाटलं. पण विचार केला तर नट सुटून पुढे याच आट्यांवरून बाहेर यायचा असतो. आत सैल झालेला नट बाहेरच्या गंजलेल्या आट्यांत पुन्हा अडकतो आणि तिथं स्टड तुटतो. हे मी कितीदा पाहिलं होतं, आणि दर वेळी दोष बोल्टाच्या नशिबाला दिला होता. ब्रशनंतर त्यांनी नट आणि फ्लँजच्या सांध्यातला रंग छिन्नीच्या टोकानं खरवडून काढला.

त्यांचं तेल घरचं होतं. पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते लालसर तेल आणि अ‍ॅसिटोन, निम्मं निम्मं, काचेच्या बाटलीत. दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवूनच घ्यायची. अ‍ॅसिटोन तेलाला पातळ करून आत नेतो आणि मग उडून जातो, तेल मागे राहतं. रंग आणि काही प्लास्टिकं तो खातो, तेव्हा केबलपासून लांब ठेवायचा. ड्रॉपरनं प्रत्येक नटाच्या वरच्या कडेवर दोन-चार थेंब, खालच्या सांध्यात दोन-चार थेंब, बस्स. जास्त टाकल्यानं काही साधत नाही, पण पुन्हा पुन्हा टाकल्यानं साधतं.

मग ठोके. इथं माझं दुसरं मत गेलं. हातोडी म्हणजे माझ्यासाठी पान्याच्या दांड्यावर घालायचा घाव. काकांनी किलोभर वजनाची हातोडी नटाच्या एका पाट बाजूला टेकवून धरली आणि समोरच्या पाट बाजूवर लहान हातोडीनं चटचट ठोके दिले. मागे वजन धरल्यामुळे ठोका नटातच जिरतो, स्टड वाकत नाही आणि बीडही बचावतं. बीड ठिसूळ असतं, फ्लँजवर एक चुकार घाव बसला तरी तडा जाऊ शकतो. नटाच्या सहाही बाजू अशा ठोकून झाल्या. स्टडच्या टोकावर मात्र थेट हातोडी मारली नाही, पितळेचा तुकडा मध्ये धरला. टोक पसरलं तर नट बाहेर येणारच नाही. हे ठोके जोरदार नव्हते. गंज दाबाखाली कणखर असतो, पण ठोक्याच्या धक्क्यानं त्याला बारीक तडे जातात, आणि त्या तड्यांतून तेल आत शिरतं. ठोके, थेंब, पुन्हा ठोके असं चाललं होतं. संध्याकाळपर्यंत दोन नटांच्या कडेला तपकिरी लगदा दिसायला लागला. आत गेलेलं तेल गंजाचं पीठ घेऊन बाहेर येत होतं. तेल आतपर्यंत पोचल्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

सकाळी त्यांनी पाना लावला, पण आधी एक गोष्ट केली जी मी कुठल्याही कारखान्यात पाहिलेली नाही. स्टडच्या टोकापासून नटावरून फ्लँजपर्यंत सुईनं एक सरळ रेघ ओढली. पाना फिरवल्यावर नटावरची रेघ सरकली आणि स्टडच्या टोकावरची जागेवरच राहिली, तर नट आट्यांवर फिरतोय. दोन्ही मिळून सरकल्या, तर एक तर स्टड बिडातून सुटतोय किंवा पिळला जातोय. सुटत असेल तर चांगलंच, तो स्टडसकट बाहेर येऊ द्यावा. पिळला जात असेल तर पाना सोडल्यावर रेघ थोडी मागे येते आणि हाताला रबरासारखं वाटतं. तिथं लगेच थांबायचं. सुटणारा नट असा लवचिक वाटत नाही, तो टक् करून सुटतो किंवा कर्रकर्र करत फिरतो. जोराऐवजी या खुणा बघत काम करायचं, हे त्या रेघेनं मला शिकवलं.

पानाही साधा नव्हता. १९ चा सहा कोनांचा सॉकेट आणि आखूड हँडल. बारा कोनांचा रिंग पाना नटाच्या कोपऱ्यांजवळच धरतो आणि गंजून बारीक झालेले कोपरे मारतो. सहा कोनांचा पाट बाजूंवर दाब देतो. पहिला जोर त्यांनी सोडायच्या नाही, आवळायच्या दिशेनं दिला, अगदी थोडा. गंजाचा बंध कुठल्याही दिशेनं तुटला तरी चालतो, आणि पहिली हालचाल केसाएवढी झाली तरी पुरते. पहिला नट टक् करून हलला. लगेच त्यांनी तो सरसर फिरवून काढला नाही. पाव फेरा सोडायचा, थोडा परत आवळायचा, दोन थेंब टाकायचे, पुन्हा सोडायचा. आट्यांत सुटलेलं गंजाचं पीठ पुढे ढकलत नेलं तर तेच पाचर होऊन बसतं. मागे-पुढे केल्यानं ते बाहेर पडतं.

दुसरा नटही तसाच आला. तिसरा हलेना, तेव्हा ऊब काढली. मी कारखान्यात नट लाल करून काढले आहेत, आणि लाल केला की बहुतेक सुटतोच. पण इथं फ्लँजच्या आत रबरी पॅकिंग, त्यामागे सील आणि पलीकडे मोटरचं वाइंडिंग. शिवाय आदल्या दिवशीचं तेल आणि अ‍ॅसिटोन, दोन्ही पेट घेणारे. म्हणून ज्योत नाहीच. काकांनी आधी नट कोरडा पुसला, बाटली आणि चिंध्या लांब नेऊन ठेवल्या, वाळूची बादली जवळ ठेवली आणि मग हीट गन लावली. फ्लँजवर नटाच्या भोवती ओलं फडकं गुंडाळलं, उष्णता पुढे जाऊ नये म्हणून. मधेमधे नटावर पाण्याचा थेंब टाकून बघायचे. तो चर्र करून उडाला की पुरे.

एवढ्याशा उबेनं काय होतं, हा माझा जुना आक्षेप. त्याचंही गणित मी मांडलं. नट स्टडपेक्षा १०० अंशांनी जास्त तापला, तर १२ मिलिमीटरचं भोक सुमारे दीड शतांश मिलिमीटरनं फाकतं. प्रत्यक्षात उष्णता स्टडमध्येही जाते, त्यामुळे फरक याहून कमीच राहतो. एवढ्यानं नट सैल होत नाही, आणि माझा आक्षेप तेवढ्यापुरता बरोबर होता. पण गंज लोखंडाइतका ताणला जात नाही. लोखंड त्याच्याखालून सरकलं की त्याला तडे जातात. मग तापलेल्या नटाला मेणबत्ती टेकवली की वितळलेलं मेण त्या तड्यांत ओढलं जातं, आणि नट निवताना आणखी आत जातं. काकांनी तेच केलं. गरम नटावर फवारा मारायचा नाही, त्यातला वायू आणि द्रावक पेटतात. मेण त्या मानानं सुरक्षित. एकदा तापवून निवू दिला, पुन्हा तापवला, पुन्हा मेण, पाट बाजूंवर ठोके. दुसऱ्यांदा निवल्यावर तो कर्रकर्र करत फिरला.

ऊब हळू द्यायचं आणखी एक कारण आहे. ८.८ दर्जाचे बोल्ट कडक करून मग तापवून त्यांची ताकद ठरवलेली असते. लाल केले की ती ताकद जाते, आणि बोल्ट दिसायला तसाच राहतो. असा बोल्ट पुन्हा बसवू नये. जस्ताचा मुलामा असलेला नट लाल केला तर जस्ताचा धूर निघतो आणि छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. हे आमच्या खात्यात वेल्डिंगवाल्यांना नेहमी व्हायचं. दीड-दोनशे अंशांच्या आत यातलं काही होत नाही.

चौथा नट राहिला, कोपरे गेलेला. त्यावर तेल, ठोके, ऊब सगळं झालं, पण सॉकेटच बसत नव्हता. पाइप पान्यानं तो आणखी गोल झाला असता. इथं काकांनी क्षणभरही वाट पाहिली नाही. नट स्प्लिटर लावला, म्हणजे पोलादी कडं ज्यात स्क्रूनं पाचर आत सरकते. आवळता आवळता नट एका बाजूनं फाटला. पाचर आट्यांना लागायच्या आत त्यांनी थांबवली, कडं फिरवून समोरच्या बाजूनंही फाडला आणि नट दोन पाकळ्या होऊन पडला. स्टड शाबूत. तेव्हा माझी खात्री पटली की धीर हे काही त्यांचं व्रत नव्हतं. वाचवायचा होता तो स्टड आणि त्याच्या मागचं बीड. नट वाचवायचा त्यांचा आग्रह कधीच नव्हता. कारखान्यातल्या आरपार बोल्टाला मी गॅस लावायचो तेव्हा माझंही तेच चाललेलं होतं, फक्त मला ते कळलेलं नव्हतं.

म्हणून आता कुठलाही जामलेला नट समोर आला की आधी बघतो, हा तुटला तर मागे काय उरेल. आरपार बोल्ट असेल, दोन्ही बाजू मोकळ्या असतील, तर ग्राइंडरनं कापतो आणि नवा घालतो. भिंतीत पक्का केलेला ब्रॅकेट, बिडात घातलेला स्टड, पितळी नळाच्या अंगातला स्क्रू असेल, तर ब्रश, थेंब, ठोके, रात्रभर विसावा, मग आखूड पाना. पितळेत पोलादी स्क्रू असेल तर आणखीच सावध राहतो, कारण पितळेचे आटे मऊ असतात आणि ते आधी जातात. पोर्सिलेनच्या बेसिनवर हीट गन नेत नाही, एकाच जागी तापलेलं पोर्सिलेन तडकतं. तिथं फक्त तेल आणि वेळ.

पंप जुळवताना काकांनी चारही स्टड रॉकेलनं धुतले, कोरडे केले आणि आट्यांना तांब्याची भुकटी असलेली अँटी-सीझ पेस्ट अगदी पातळ लावली. मी म्हटलं, "नट जरा जास्त आवळू, म्हणजे गळणार नाही." त्यांनी मान हलवली. पेस्ट लावलेले आटे घसरट असतात, तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो. म्हणून नेहमीपेक्षा थोडं कमीच, समोरासमोरचे दोन, मग उरलेले दोन, दोन टप्प्यांत. शेवटी प्रत्येक नटाच्या बाहेर राहिलेल्या आट्यांवर ग्रीसचा जाड गोळा चोपडला आणि त्यावर प्लास्टिकची टोपी बसवली. दर पावसाळ्याआधी टोपी काढून ग्रीस बदलायला त्यांनी भावाला बजावलं.